रांगोळी खरोखरच ‘काढली’, तेव्हा कुठे उजळली

साताऱ्याला आत्याच्या घरी दिवाळीची रांगोळी दरवर्षी माझ्याकडे असते. गेल्या दिवाळीत भाच्याने कुठेतरी एक फोटो पाहिला होता: जमिनीवर काच, काचेवर रांगोळी आणि खालून मेणबत्त्यांचा उजेड. “आत्या, या वेळी अशी करू ना,” म्हणून तो मागे लागला. दिसायला सोपं होतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही ते केलं, ते साफ फसलं आणि पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमेला तेच पुन्हा, दुसऱ्या रीतीने केलं. मधल्या दिवसांत काय काय कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. असा प्रयोग करावासा वाटणारे बरेच जण आमच्याच चुकीने सुरुवात करतील, अशी मला शंका आहे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी काय झालं

माळ्यावर जुन्या खिडकीची एक काच होती. साधी, पारदर्शक, ४ मिलिमीटर जाडीची, साधारण दोन फूट बाय दोन फूट. अंगणात चार कोपऱ्यांना एकेक वीट आडवी ठेवून त्यावर ती बसवली. वीट आडवी ठेवली की उंची तीन इंच मिळते. खाली डझनभर टीलाईट, म्हणजे पत्र्याच्या लहान वाटीतल्या बुटक्या मेणबत्त्या, मांडल्या. काचेवर मी नेहमीच्या सवयीने संस्कार भारतीची रांगोळी घातली. आधी पाच बोटांनी रंग पसरून गोल भरले, मग वर पांढऱ्या रेघा, कमळं, शंख. दुपारी चार वाजता ती इतकी छान दिसत होती की शेजारच्या काकू फोटो काढून घेऊन गेल्या.

सातला दिवे लावले आणि रांगोळी काळी पडली.

म्हणजे अक्षरशः काळी. गुलाबी, पिवळा, मोरपंखी, सगळे रंग एकाच मळकट सावलीत गेले. उजेड दिसत होता तो फक्त काचेच्या कडेला, जिथे मी काही घातलंच नव्हतं. तिथून टीलाईटच्या ज्योती थेट डोळ्यांत येत होत्या. आत्या म्हणाली, “अगं, दुपारीच बरी दिसत होती की!” यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

वीसेक मिनिटांनी काचेतून ‘टच्’ असा आवाज आला. एका कडेपासून मधल्या ज्योतीपर्यंत वाकडी चीर गेली होती. काच दोन तुकड्यांत तशीच विटांवर टेकून राहिली, म्हणून खाली कोसळली नाही. चिरेतून रांगोळीची बारीक धार मात्र पेटत्या मेणावर पडू लागली. भाचा वाकून पाहायला निघाला होता, त्याला मी दंडाला धरून मागे ओढलं. मग एकेक टीलाईट चिमट्याने बाहेर काढून विझवला.

त्या रात्री दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्या होत्या. रांगोळी उजळली नव्हती आणि काच तडकली होती. सुरुवातीला मी दोन्हींचा दोष टीलाईटला देत होते.

रांगोळी का उजळली नाही

आपली रांगोळी म्हणजे दगडाची पूड. शिरगोळा किंवा गारगोटी कुटून, चाळून ती करतात आणि रंगीत रांगोळी म्हणजे तीच पूड रंग लावून. तिच्यातून उजेड आरपार जात नाही. पातळ थरातून थोडासा झिरपतो. बोटाने भरलेल्या नेहमीच्या थरातून काहीच येत नाही. आपण दिवसा जे रंग पाहतो ते वरून पडलेला उजेड परत फिरल्यामुळे दिसतात. वरचे दिवे बंद करून खालून उजेड दिला की पाहणाऱ्याच्या बाजूला फक्त सावली उरते. उजेडाच्या वाटेत मी दगडाची भिंत बांधली होती आणि जितकं सुंदर भरलं तितकी ती भिंत जाड झाली होती.

हे मला पटलं ते मोबाइलच्या टॉर्चने. दुसऱ्या दिवशी काचेच्या एका तुकड्याला कडेने जाड चिकटपट्टी लावली, त्यावर चहाच्या गाळणीने रांगोळी भुरभुरवली आणि खालून टॉर्च धरला. काच झाकली गेली तिथे अंधार. मग सहज बोट फिरवलं, तर बोटाची रेघ लखलखली. तेव्हा लक्षात आलं की इथे काम उलटं आहे. मराठीत आपण ‘रांगोळी काढली’ म्हणतो, पण प्रत्यक्षात ती घालत असतो. खालून उजळायची असेल तर ती खरोखरच काढावी लागते. आधी सगळी काच पुडीने झाकायची आणि मग जिथे रेघ हवी तिथली पूड बाजूला करायची. मागे राहते ती उघडी काच, आणि तीच आपली रेघ.

यातून आणखी एक गोष्ट ठरली. मागची भरणी गडद हवी. पांढरी पूड घेतली तर ती अंगणातला, रस्त्यावरचा, आकाशकंदिलाचा उजेड वरच्या वर उचलते आणि रेघ फिकी पडते. मी काळी घ्यायचं ठरवलं, तर आत्याने हातच जोडले. “सणाला काळी रांगोळी? माझ्या दारात नको.” तिचं बरोबरच होतं. सारवलेल्या अंगणात आपण गेरूची चौकट करून तिच्यावर पांढरी काढतो, तसंच इथेही गेरूच्या रंगाची रांगोळी घेतली. टॉर्चने पाहिलं तर फरक फारसा नव्हता. उलट, गेरूमधून फुटणारी पिवळी रेघ काळ्यातल्या रेघेपेक्षा जास्त घरची वाटत होती.

खरा कोरडा गेरू मात्र घेऊ नका. तो फार बारीक असतो, काचेला धरून बसतो आणि बोट फिरवल्यावर मागे लालसर पडदा ठेवतो. बाजारात गेरूच्या रंगाची दाणेदार रांगोळी मिळते, ती घ्या. दोन फुटांच्या काचेवर सुमारे एक मिलिमीटरचा थर द्यायला अर्धा किलो पुरते.

काच का तडकली

हा भाग जिवाशी खेळण्याचा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

एका टीलाईटमध्ये १२ ते १४ ग्रॅम मेण असतं आणि ते जवळजवळ चार तास जळतं. हिशेब केला तर एक टीलाईट सुमारे ४० वॅट उष्णता देतो. पुढच्या वेळी आम्ही बाराऐवजी नऊ टीलाईट ठेवले, त्यांची झाली ३६० वॅट, म्हणजे कपड्यांच्या लहान इस्त्रीच्या निम्मी. आणि उजेड? नऊ टीलाईटचा मिळून उजेड आपल्या जुन्या १५ वॅटच्या ‘झिरो’च्या पिवळ्या बल्बाएवढाच भरतो. इस्त्रीच्या निम्म्याची धग देऊन झिरोचा उजेड मिळवायचा, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे ‘अंधुक दिसतंय, अजून चार दिवे ठेवू’ हा मोह घातक ठरतो. त्याने उजेड जेमतेम वाढतो, धग मात्र भरपूर वाढते.

पण उजेड आणि धग एकाच वाटेने जात नाहीत, आणि आपली सोय यातच आहे. उजेड चारी बाजूंना पसरतो. धग तापलेल्या हवेबरोबर सरळ वर, बारीक खांबासारखी चढते आणि चढता चढता आजूबाजूची गार हवा ओढून घेत निवत जाते. ज्योतीपासून दोन इंचांवर हा खांब तीन-चारशे अंश सेल्सिअसच्या घरात असतो. पाच इंचांवर शंभराच्या आसपास येतो आणि आठ इंचांवर साठीच्या जवळपास. म्हणजे चार-सहा इंच उंची वाढवली की धग एवढी उतरते. उजेड थोडा कमी होतो, पण अधिक सारखा पसरतो.

आमची काच ज्योतीच्या डोक्यावर दोन इंचही नव्हती. मधे ती तापून फुगू पाहत होती आणि कडा संध्याकाळच्या गार हवेत होत्या. तापलेला मधला भाग गार कडेला ताणतो. कापलेल्या कडेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक खाचा असतात, त्यातली एखादी उघडते आणि चीर आत धावते. साध्या काचेला मधल्या आणि कडेच्या तापमानात ४० अंशांच्या आसपास फरक पडला तरी हे होऊ शकतं. टफन काच २०० अंशांपर्यंतचा फरक सहज सोसते. कारण ती ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन गार केलेली असते, तिचा पृष्ठभाग आतूनच घट्ट दाबलेला राहतो आणि खाच उघडायला वाव मिळत नाही. फुटलीच तर तिचे हरभऱ्याच्या डाळीएवढे बोथट तुकडे होतात, सुऱ्या होत नाहीत.

म्हणून दुकानात गेले आणि ६ मिलिमीटरची टफन काच मागितली. दुकानदाराने लगेच विचारलं, “ताई, माप पक्कं आहे ना? टफन झाल्यावर एक मिलिमीटरही कापता येत नाही.” कडा घासून पॉलिश करून हव्यात हेही त्याला आधीच सांगावं लागतं. मी आणखी एक मागणी घातली, ती म्हणजे एक बाजू फ्रॉस्टेड हवी. याची दोन कारणं. गुळगुळीत काचेवर पूड टिकत नाही, श्वासानेही सरकते. खरखरीत बाजू वर ठेवली की दाणे जागेवर बसतात. शिवाय खालच्या ज्योती वेगवेगळे ठिपके म्हणून न दिसता एकच दुधी उजेड होतो. काच सहा दिवसांनी मिळाली. वजन साडेपाच किलोच्या आसपास, म्हणजे उचलायला दोघं लागतात. कोपऱ्यात टफनचा शिक्का असतो, तो आपण स्वतः पाहून घ्यायचा.

भाच्याने ॲक्रिलिकची शीट सुचवली होती, हलकी आणि न फुटणारी. ती नको. शंभर अंशांच्या आसपास ती मऊ होऊन लोंबते आणि पेट घेते. काचेखाली रंगीत जिलेटीनचा किंवा बटर पेपर लावायची कल्पनाही त्याच कारणाने बाद केली.

मेणाच्या चुऱ्याची परीक्षा

उंची किती ठेवायची हे मला अंदाजाने ठरवायचं नव्हतं. आमच्याकडे तापमान मोजायचं यंत्र नाही, पण टीलाईटचं मेण स्वतःच मोजमाप देतं. ते ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान वितळतं. टीलाईटमधलं मेण नखाने खरवडून, ज्वारीच्या दाण्याएवढे पाच तुकडे रिकाम्या काचेच्या वर ठेवले. एक मधोमध, चार कोपऱ्यांतल्या ज्योतींच्या बरोबर डोक्यावर. दाणा पांढरा राहिला तर काच साठीच्या खाली आहे. पारदर्शक होऊन पसरला तर वर गेली.

टीलाईट बाराऐवजी नऊच ठेवले, तीन ओळींत तीन-तीन, प्रत्येकात आठ इंचांचं अंतर. हे अंतरही महत्त्वाचं आहे. चार इंचांपेक्षा जवळ ठेवलेले टीलाईट एकमेकांचं मेण तापवतात. मेण फार तापलं तर वातीपुरती ज्योत न राहता वाटीतलं सगळं मेणच पेटतं. अशा पेटलेल्या मेणावर पाणी टाकलं तर ते खाली जाऊन वाफ होतं आणि जळतं मेण फटकन उडवतं. ते फक्त झाकून विझवायचं.

आडव्या दोन विटांवर, म्हणजे सहा इंचांवर, काच ठेवली. पंधरा मिनिटांत मधला दाणा ओघळला आणि मागोमाग दोन कोपऱ्यांचे. टफन काचेला हे सोसलं असतं, ती तडकली नव्हती. पण साठ अंशांच्या काचेला कुणा पोराचा हात लागला तर चटका बसणार, आणि वर झेंडूच्या पाकळ्या टाकल्या तर त्या करपणार. दुसऱ्या दिवशी तिसरी वीट चढवली. आता उंची नऊ इंच झाली आणि ज्योतीच्या बुडापासून काच आठ इंचांवर आली. दीड तास झाला तरी पाचही दाणे पांढरेच होते. मधल्या दाण्याला नख लावलं तर तो जरा मऊ लागला, एवढंच. काचेवर तळहात ठेवून मी सावकाश दहा मोजले. उन्हात ठेवलेल्या फरशीसारखी वाटली. मग नऊ इंच ठरले.

विटा चौकटीत रचताना प्रत्येक थर आडवा-उभा फिरवला, नाहीतर धक्क्याने कोपरा ढासळतो. सर्वात वर, काच टेकते तिथे, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवले. टफन काचेचा दुबळेपणा तिच्या कडेत असतो. विटेच्या एखाद्या टोकदार खड्यावर कड आपटली तर आख्खी काच एकदम चुरा होते.

बाजू झाकायच्या, पण कोंडायचं नाही

नऊ इंच उंचीने नवं दुखणं आणलं. बाजूंनी नऊच्या नऊ ज्योती दिसू लागल्या. उघडी ज्योत रांगोळीच्या रेघेपेक्षा कितीतरी तेजस्वी असते. डोळे तिलाच धरून बसतात आणि रेघ विझल्यासारखी वाटते. शिवाय वाऱ्याची झुळूक आली की ज्योत आडवी पडते, तिची धग एकाच जागी लागते आणि काचेच्या खालच्या बाजूवर काजळीचा डाग उठतो. असा काळा डाग दिसला तर समजावं की तिथली ज्योत वाऱ्याला लागते आहे किंवा तिची वात लांब झाली आहे. एक सेंटिमीटरहून लांब वात मी लावण्याआधीच खुडते.

चारी बाजूंना पेटीसारखं बंद करणं हा सोपा उपाय वाटतो, पण तो चुकीचा आहे. बंद जागेत हवा कमी पडते, ज्योती मिणमिणून धुरकटतात, आणि बाहेर जायला वाट नसलेली धग काचेखाली साचत जाते. मेणाच्या दाण्याची सगळी परीक्षा तिथे फुकट जाते. आमच्याकडे फरशीच्या कामातून उरलेल्या सहा इंच रुंदीच्या टाईलच्या पट्ट्या होत्या. त्या तीन बाजूंना दोन विटांच्या रांगांमध्ये उभ्या केल्या, खाली टाईलचेच तुकडे देऊन जमिनीपासून इंचभर उचलल्या. वर दोन इंचांची फट राहिली. खालून गार हवा येते, वरून तापलेली निघून जाते. उभ्या माणसाला ज्योत दिसत नाही, वारा थेट लागत नाही. टाईलची चकचकीत बाजू आत ठेवली, त्यामुळे उजेडही परत फिरतो.

चौथी बाजू दाराकडची. तिथे पट्टी सुटी ठेवली, कारण दिवे लावायचे तिथूनच. आणि दिवे लावणं हीच सगळ्यात गोची होती. रांगोळी एकदा काढली की काच हलवता येत नाही, मग मधला टीलाईट पेटवणार कसा? हात आत घालून, काचेखाली, साडीचा पदर सावरत? मुळीच नाही.

पत्र्याचं काम करणाऱ्याकडून मी तीन पट्ट्या करून घेतल्या, चार इंच रुंद आणि तीस इंच लांब, कडा दुमडलेल्या म्हणजे हाताला कापत नाहीत. प्रत्येक पट्टीवर आठ-आठ इंचांवर तीन टीलाईट. पट्टी अंगणात, बाहेर ठेवून पेटवायची, ज्योत स्थिर झाली की पोळीच्या तव्यासारखी सावकाश आत सरकवायची. सहा इंचांचं टोक बाहेर राहतं, तीच मूठ. विझवायचं किंवा बदलायचं असेल तर तशीच बाहेर ओढायची. चकचकीत पत्रा खालून उजेडही वर फेकतो. या सबंध उपद्व्यापात मला एवढी पट्टीचीच कल्पना स्वतःची म्हणून मिरवावीशी वाटते. ओढताना घाई मात्र करायची नाही. दीड-दोन तासांनी वाटीतलं सगळं मेण पातळ झालेलं असतं आणि हिसक्याने ते सांडतं.

त्रिपुरी पौर्णिमेची संध्याकाळ

तुळशीचं लग्न आदल्या दिवशीच लागलं होतं. वृंदावनासमोर, ओट्यापासून चार हात दूर, मी दुपारी तीनला बसले. फ्रॉस्टेड बाजू कोरड्या फडक्याने पुसली, कारण बोटाचा तेलकट ठसा राहिला की पूड तिथे चिकटते. मग मोठ्या चाळणीने गेरूची रांगोळी सगळ्या काचेवर चाळली. थर पुरेसा झाला की नाही हे पाहायला भाचा खालून टॉर्च फिरवत होता आणि मी वरून सांगत होते: इथे झिरपतंय, इथे अजून घाल.

ठिपके आगपेटीच्या काडीच्या मागच्या टोकाने दिले. काडी उभी टेकवायची, थोडी फिरवायची आणि उचलायची, की पुडीत स्वच्छ गोल भोक पडतं. अकरा बाय अकरा ठिपके, दोन-दोन इंचांवर, म्हणजे चारी बाजूंना दोन इंचांची किनार उरते. मधे ज्ञानकमळ काढलं, किनारीला गोपद्मं. रेघ काढायला करंगळी जाड पडते. मी पेन्सिलीला मागे लावलेलं खोडरबर वापरलं, त्याने पाव इंचाची नेटकी रेघ येते. सरकलेली पूड रेघेच्या दोन्ही काठांना बारीक बांधासारखी उभी राहते. ती पुसायची नाही, तिच्यामुळेच रेघेला धार येते. रेघ चुकली तर काळजी नाही. गाळणीने तेवढ्या जागेवर पुन्हा पूड टाकायची आणि नव्याने काढायची. नेहमीच्या रांगोळीत चुकलेली रेघ इतक्या सहज माफ होत नाही.

रंगांसाठी एक वेगळी युक्ती केली. कमळाच्या आठ पाकळ्यांतली पूड पूर्ण काढून तिथे खडे मीठ भरलं. मिठाचा खडा दगडाच्या पुडीसारखा उजेड अडवत नाही, तो आत घेऊन विखुरतो. एकेका वाटीत मीठ घेऊन खायच्या रंगाचे थोडे थेंब चोळले आणि सावलीत वाळवलं. केशरी, लाल, पिवळा आणि निळा. निळा वाया गेला. मेणबत्तीच्या ज्योतीत निळा उजेड जवळपास नसतोच, त्यामुळे तो मळका हिरवट दिसला आणि मी ऐन वेळी त्या दोन पाकळ्या पिवळ्या केल्या. साताऱ्यात कार्तिकात हवा कोरडी असते म्हणून मीठ टिकलं. कोकणात किंवा मुंबईत ते पाझरू शकतं, तिथे पाकळ्या नुसत्या उघड्या ठेवलेल्या बऱ्या.

भोवती तीन फुटांवर पणत्या नव्हे, कुंड्या मांडल्या. पाहणाऱ्याने जवळ येऊन वाकू नये, ओढणी किंवा पदर वरच्या फटीजवळ जाऊ नये, एवढाच त्यांचा उद्देश. बाजूला वाळूची बादली आणि एक मोठं स्टीलचं पातेलं, पेटलेलं मेण झाकायला. मांजर घरात कोंडलं.

पावणेसातला पट्ट्या आत सरकवल्या आणि ओट्यावरचा दिवा, आकाशकंदील, फाटकावरची माळ, सगळं बंद केलं. झिरोच्या बल्बाएवढा उजेड आहे, त्याच्याशी स्पर्धा करणारं काहीही चालू ठेवून भागत नाही. पहिली दोन मिनिटं काही खास नव्हतं. मग डोळे अंधाराला सरावले आणि रेघा जमिनीतून वर आल्यासारख्या दिसू लागल्या. गेरू पूर्ण दिसेनासा झाला. ज्योती किंचित हलत होत्या, म्हणून सबंध कमळ मंद श्वास घेतल्यासारखं वरखाली होत होतं. पुनवेचा चंद्र तोवर वर आला होता. मला वाटलं होतं त्याच्या उजेडाने बिघडेल, पण काहीच फरक पडला नाही. कोपरे मात्र मधल्या भागापेक्षा अंधुक राहिले आणि नऊ ज्योतींच्या डोक्यावर जरा जास्त उजेड होता. फ्रॉस्टेड काच असूनही तो पुरता पसरला नाही.

मी वर मेणाचा एक दाणा ठेवला होता, मधोमध, कमळाच्या गाभ्यात. साडेसात, आठ, साडेआठ असं तीनदा पाहिलं, पांढराच. पावणेनऊला मात्र मधल्या पट्टीवरची एक ज्योत इतरांपेक्षा उंच झाली, इंचाहून वर. खालच्या फटीतून पाहिलं तर वात वाटीच्या काठाला टेकली होती. ती पट्टी तेवढी बाहेर ओढली, त्या टीलाईटवर वाटी झाकली आणि नवा ठेवून पट्टी परत आत ढकलली. चार तास जळतात म्हणून चार तास ठेवायचे नाहीत. दोन तासांत मी सगळे बदलते, उरलेलं मेण पणत्यांत जातं.

कुठे करू नये

भाऊ पुण्यात सोसायटीत राहतो, त्याला आपल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये हे हवं होतं. तिथे मी नाही म्हटलं. जिन्याजवळची, लिफ्टसमोरची किंवा वाहनतळाची जागा पेटत्या ज्योतीची नाही. तिथे रात्री दिवे बंद करून माणसांच्या वाटेत नऊ इंच उंचीची काच ठेवणं म्हणजे कुणीतरी अडखळायचंच. त्याने बॅटरीवरचे टीलाईट वापरले. त्यांत धग नसल्यामुळे काच चार इंचांवर ठेवता आली. त्यांचा उजेड मात्र अगदीच क्षीण असतो, त्यामुळे नऊऐवजी वीस लागले. त्यांतला नाण्याएवढा चपटा सेल लहान मूल गिळू शकतं आणि ते फार धोक्याचं असतं. खालचं झाकण स्क्रूने घट्ट आहे का, ते एकेक पाहूनच त्याने मांडले.

नऊ वाजता तिन्ही पट्ट्या ओढून घेतल्या. काच लगेच उचलली नाही, अर्धा तास तशीच राहू दिली. मग मीठ चमच्याने वेगळं केलं आणि गेरूची पूड पुठ्ठ्याने एका कोपऱ्यात आणून कागदावर ओतली. आत्याने ती डब्यात भरली, झाकणावर ‘काचेची रांगोळी’ असं खडूने लिहिलं आणि डबा देवघराच्या फडताळात नेऊन ठेवला. काच उभी करून कॉटमागे सरकवताना ती म्हणाली, “पुढच्या वर्षी दोन फुटांचीच कर. तीन फुटांची तुम्हा दोघांना उचलायची नाही.”